तोडायचं तर सांध्यावर तोडा

सरळरेघ: मोठे शब्द फोडून शिकवायचं खूळ आता पुरे. ‘किंकर्तव्यविमूढ’चे तीन तुकडे घोकण्यापेक्षा अख्खा शब्द दहा वेळा वाचा, आपोआप बसतो. सराईत वाचणारा कधी थांबून शब्द फोडतो का?

मात्रावेलांटी: दहा वेळा चुकीचा वाचला तर चुकीचाच बसतो. मी बारा वर्षं मुलांकडून मोठ्यानं वाचून घेते आहे. या शब्दापाशी कितीतरी मुलं ‘किंकर’वर थांबतात, कारण तो कानावरून गेलेला असतो. मग उरतं ‘तव्यविमूढ’, आणि पुढे नुसता घोळ. किम्, कर्तव्य, विमूढ हे सांधे दाखवले की काय करावं ते न सुचलेला माणूस समोर उभा राहतो. ‘कर्तव्यदक्ष’ वाचतानाही तोच तुकडा कामी येतो.

आपल्या लिपीत खरी अडचण ही की सांधा बऱ्याचदा दोन अक्षरांच्या मध्ये नसतो, एका अक्षराच्या पोटात असतो. ‘पुनरुज्जीवन’ घ्या. पु-न-रु-ज्जी-व-न असं तोडून काहीच हाती लागत नाही. मूळचे तुकडे पुनर्, उत्, जीवन. पुनर्‌चा र् आणि उत्‌चा उ मिळून ‘रु’ झाला, उत्‌चा त् पुढच्या ज मुळे ज् झाला. हे एकदा दिसलं की दोन ज का, ते घोकावं लागत नाही.

सरळरेघ: आणि ‘विद्यार्थी’? विद्या अधिक अर्थी असा कोण वाचतो?

मात्रावेलांटी: कोणी नाही, आणि तिथे फोडूही नये. रोजचा शब्द चेहऱ्यासारखा ओळखू येतो. मी पहिल्यांदा भेटणाऱ्या शब्दाबद्दल बोलतेय.

दूरदेशी: माझा अनुभव जर्मनचा. ‘ब्लूमेनटोप्फएर्डे’ मी ‘ब्लूमेंटो’ आणि ‘प्फेर्डे’ असा तोडला आणि कुठल्यातरी जातीचे घोडे समजून बसलो. होती कुंडीत घालायची माती. तेव्हापासून मी शेवटचा तुकडा आधी शोधतो, कारण वस्तू कोणती ते तो सांगतो. मराठीत हे चालेल का ठाऊक नाही.

मात्रावेलांटी: बऱ्याचदा चालतं. ‘राजवाडा’ हा वाडाच. पण ‘पीतांबर’ म्हणजे विष्णू असेल तेव्हा पिवळं आणि वस्त्र हे दोन्ही तुकडे कळूनही तो कोण ते कळत नाही. तिथे ‘ज्याचं’ हा शब्द आपल्याला मनात घालावा लागतो.

कोरीपाटी: मीही फोडूनच लिहितो. दुरा अधिक अवस्था, म्हणून ‘दुरावस्था’. तरी लोक चूक काढतात.

मात्रावेलांटी: काढणारच. ‘दुरा’ असा तुकडाच नाही. दुर् बाजूला काढा आणि उरलेला शब्द एकटा उभा राहतो का बघा. ‘दुराचार’मध्ये आचार उरतो, म्हणून रा. इथे अवस्था उरते, ‘आवस्था’ नाही, म्हणून ‘दुरवस्था’. निरपराध आणि निराधार यांनाही हीच कसोटी लावा.

कोरीपाटी: बरं, मान्य. पण हे शाळेत कोणी असं सांगितलं नाही, आमच्या वह्यांवर नुसते लाल गोल मिळाले.

खडूफळा: या फोडाफोडीनंच लिखाणाचं वाटोळं झालंय! ‘मुलां साठी’, ‘घरा समोर’, ‘त्यांच्या मुळे’, जिथे बघावं तिथे मध्ये जागा. तुमच्यासारखे तोडायला शिकवतात आणि लोक तसंच लिहितात.

दूरदेशी: शिकवणाऱ्यांवर का घसरता? फोनवर शब्दाची सूचना निवडली की पुढे आपोआप जागा पडते. शिवाय हिंदीत ‘राम ने’ वेगळं लिहितात, ते सारखं डोळ्यांखालून जातं.

खडूफळा: जागा पुसता येते. आळस आहे हा.

सरळरेघ: बघा, मी हेच म्हणत होतो. तोडणं शिकवलं की तुटकंच लिहिलं जातं.

मात्रावेलांटी: तुम्ही दोघं वाचायला तोडणं आणि लिहायला तोडणं यांची गल्लत करताय, आणि मला त्याचा राग येतो. ‘घरासमोरच्यांनासुद्धा’ मी मुलांना शेवटाकडून सोलायला लावते. सुद्धा गेलं, ना गेलं, च्यां गेलं, समोर गेलं, हाती राहिलं ‘घरा’. मग विचारते, हा ‘घरा’ वाक्यात एकटा चालतो का? नाही चालत, ‘घर’ चालतं. तो आ पुढचं काहीतरी चिकटावं म्हणूनच आलाय. ज्या मुलाला हे दिसलं ते ‘घरा समोर’ लिहीत नाही. तोडण्यानंच जोडून लिहायचं कारण कळतं.

खडूफळा: हे ‘घरा’चं पटलं. पण ‘खिडकीसमोर’चं काय? ‘खिडकी’ एकटी चालते की! मग तिथे मूल कशावरून जोडणार?

मात्रावेलांटी: तिथे माझी कसोटी लागू पडत नाही, खरं आहे. तिथे मी ‘भिंतीसमोर’ शेजारी ठेवते. भिंत एकच, तरी समोर चिकटताना ती ‘भिंती’ झाली, मग ‘खिडकीसमोर’ही तसंच जोडून.

खडूफळा: म्हणजे शेवटी सवयच. सरळरेघ तेच म्हणत होते.

सरळरेघ: मी अख्ख्या शब्दाच्या सवयीबद्दल बोलत होतो. पण ‘पुनरुज्जीवन’ आजवर एका ज नं लिहीत आलो, तेवढं मात्र आज सुधारलं.