शब्दचर्चा: ‘निवडक संदर्भ’ हा शेरा कौतुकाचा की टीकेचा? आणि विरुद्ध निष्कर्ष एकाच परिच्छेदात कसे मांडावेत?

रानजाई
दिवाळी अंकासाठी क जीवनसत्त्व आणि सर्दी यांवर लेख लिहिते आहे. संपादकांनी एका परिच्छेदाशेजारी ‘निवडक संदर्भ’ असा शेरा मारून मजकूर परत पाठवला. मला वाटलं, छान निवडलेत असं म्हणतायत. फोनवर कळलं की त्यांना चेरी-पिकिंग म्हणायचं होतं, म्हणजे आपल्या सोयीचे तेवढेच पुरावे देणं. तर पहिला प्रश्न: त्याला मराठीत नेमका शब्द कोणता? आणि दुसरा: खालच्या परिच्छेदात खोट कुठे आहे? यातला एकही आकडा खोटा नाही, आणि शेवटी विरुद्ध बाजूही दिली आहे.

> क जीवनसत्त्वामुळे सर्दीला आळा बसतो हे अनेक अभ्यासांतून सिद्ध झाले आहे. स्वित्झर्लंडमध्ये स्कीइंगच्या शिबिरातील २७९ शाळकरी मुलांवर झालेल्या आणि १९६१ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत सर्दीचे प्रमाण ४५ टक्क्यांनी घटले. धावपटू, स्कीइंग करणारे आणि सैनिक यांच्यावरील चाचण्यांतही ते जवळपास निम्म्यावर आले. काही अभ्यासांत मात्र असा परिणाम दिसला नसल्याचा दावा केला गेला आहे.

गुंडोपंत
‘निवडक’ इथे चालणारच नाही. निवडक कविता, निवडक लेख, सगळीकडे तो शब्द चांगल्याच अर्थाने येतो. ‘वेचक’चंही तेच. मी ‘वेचेगिरी’ सुचवतो. दादागिरी, बाबूगिरी तशी वेचेगिरी. लगेच कळतं की काहीतरी गैर चाललंय.

कपाशी
आम्ही वर्धेकडचे. आमच्याकडे वेचणी म्हटलं की कापूस. फुटलेलं बोंड तेवढंच वेचायचं असतं, न फुटलेलं झाडावर ठेवायचं असतं, आणि तेच बरोबर असतं. त्यामुळे ‘वेच’ या धातूत मला तरी काही गैर ऐकू येत नाही. ‘सोयीचे तेवढे उचलणे’ म्हणा की सरळ. तीन शब्द होतात, पण समजावून सांगावं लागत नाही.

शेवंती
मी स्वतः रोज सकाळी कोमट पाण्यात लिंबू घेते आणि मला सर्दी होत नाही. नणंद घेत नाही, तिला बारा महिने शिंका. तेव्हा अभ्यासांनी काही म्हणो, लेख छापाच. आवळ्याचाही उल्लेख करा.

तिरफळ
शेवंतीताई, प्रश्न जीवनसत्त्व घ्यावं की नाही हा नाहीये, लिहावं कसं हा आहे. आणि त्या चाचण्या लिंबूपाण्याच्या नव्हत्याच. रोज किमान २०० मिलिग्रॅम क जीवनसत्त्व दिलेल्या चाचण्याच कॉक्रेन या संस्थेच्या २०१३ च्या आढाव्यात धरल्या आहेत, स्वित्झर्लंडच्या मुलांना तर रोज एक ग्रॅम दिलं होतं. एका लिंबाच्या रसातून एवढं मिळत नाही.

रानजाई, आकडे खरे आहेत हे मान्य. खोट मोजदादीत आहे. तोच कॉक्रेनचा आढावा उघडा. नियमित क जीवनसत्त्व घेणारे आणि खोटी गोळी घेणारे यांच्यातल्या २९ तुलना त्यात एकत्र केल्यात. त्यातल्या पाच चाचण्या मॅरेथॉन धावपटू, स्कीइंग करणारे आणि कडाक्याच्या थंडीत सराव करणारे सैनिक यांच्यावरच्या. त्या पाचांत मिळून ५९८ माणसं आणि तिथे सर्दीचं प्रमाण खरोखरच निम्म्यावर आलं. उरलेल्या सगळ्या तुम्हाआम्हासारख्या लोकांवरच्या, त्यांत १०,७०८ माणसं, आणि घट जेमतेम तीन टक्के. तीही योगायोगाने आलेली नाही असं खात्रीने म्हणता येत नाही.

आता तुमचा परिच्छेद वाचा. पाच चाचण्यांना तुम्ही ‘अनेक’ म्हटलंय आणि उरलेल्या चोवीस तुलनांना ‘काही’. शिवाय स्वित्झर्लंडची चाचणी त्या पाचांतलीच एक आहे. म्हणजे ती एकदा सुटी आली आणि ‘चाचण्यांतही’ म्हणताना गटातून पुन्हा आली. वाचकाला वाटतं दोन वेगळे पुरावे आहेत.

क्रियापदंही बघा. बाजूच्या अभ्यासांनी ‘सिद्ध’ केलं, विरुद्ध अभ्यासांनी ‘दावा’ केला. दोन्हीकडे ‘आढळले’ लिहून वाचा, परिच्छेद लगेच लंगडा पडतो.

आबा_मास्तर
पत्रकारितेत आम्हाला शिकवलं होतं: एक बाजू दिली की दुसरी द्या, आणि त्याच परिच्छेदात द्या, पुढच्या पानावर ढकलू नका. दोन अभ्यास होकाराचे, दोन नकाराचे, शेवटी ‘याबाबत निष्कर्ष संमिश्र आहेत’. झाला समतोल. यात एवढं अवघड काय?

तिरफळ
त्याच परिच्छेदात द्या, हे शंभर टक्के बरोबर. पण दोनाला दोन लावले की समतोल होत नाही, आबा. २७९ मुलांच्या चाचणीशेजारी दहा हजारांच्या निष्कर्षाला तेवढीच एक ओळ दिली तर वाचकाला दोन्ही पारडी सारखी दिसतात. ‘संमिश्र’ या शब्दाची मला खरं तर धास्तीच आहे. इथे निष्कर्ष संमिश्र नाहीतच. सर्वसामान्यांत फरक दिसत नाही, अतिश्रमात दिसतो. हे दोन वेगळ्या लोकांविषयीचे दोन वेगळे निष्कर्ष आहेत, ते एकमेकांना खोडत नाहीत. संमिश्र म्हटलं की हा तपशील पुसला जातो आणि वाचक ज्याला जे हवं ते घेऊन जातो.

आबा_मास्तर
बातमीत एवढी जागा नसते.

गुंडोपंत
पण मग माणसाने करायचं काय? मी नेटवर शोधलं, जे वर आलं ते वाचलं, ते लिहिलं. मी मुद्दाम काहीच लपवलं नाही. ही वेचेगिरी कशी?

तिरफळ
मुद्दाम करावी लागतच नाही. ‘क जीवनसत्त्वाचे सर्दीवरील फायदे’ असं शोधलंत की फायदेच वर येणार. लायनस पॉलिंग यांचं उदाहरण घ्या. दोन नोबेल मिळवलेला माणूस, आणि क जीवनसत्त्वाने सर्दी टळते यावर मनापासून विश्वास असलेला. त्यांच्या १९८६ च्या पुस्तकात पुराव्यांची भली मोठी मांडणी आहे. पुढे पॉल क्निपशिल्ड या डच संशोधकाने कसून शोध घेतला. त्यांना ६१ चाचण्या सापडल्या, त्यांतल्या १५ पद्धतीच्या दृष्टीने चांगल्या ठरल्या. त्या १५ पैकी पाचांचा पॉलिंगनी उल्लेखच केला नव्हता आणि आणखी दोन ओझरत्या येऊन गेल्या होत्या. पॉलिंग लबाड होते असं कुणी म्हणत नाही. पण ज्याला उत्तर आधीच माहीत असतं त्याच्या हाताला त्याच उत्तराचे कागद लागतात.

म्हणून क्रम उलटा हवा. कुठले अभ्यास धरायचे हे त्यांचे निष्कर्ष बघण्याआधी ठरवायचं: किती मात्रा, किती दिवस, गोळी कुणाला खरी आणि कुणाला खोटी हे घेणाऱ्याला माहीत होतं का. मग त्या अटीत बसतील ते सगळे धरायचे, आवडोत न आवडोत.

कपाशी
ही शेवटची अट मोठी गमतीची आहे. अमेरिकेत राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या कर्मचाऱ्यांवर १९७५ ची एक चाचणी आहे. खोट्या गोळीत दुधातली साखर होती. लोकांनी कॅप्सूल चाखून बघितल्या आणि बऱ्याच जणांनी ओळखलं आपल्याला काय मिळतंय! ज्यांना ओळखता आलं नाही त्यांच्यात फायदा दिसेनासा झाला. आता क जीवनसत्त्वाच्या विरोधात लिहिणारे ही चाचणी मोठ्या हौसेने सांगतात. पण हाच चष्मा लावून विरुद्ध बाजूच्या चाचण्या तपासतात का? सोयीचे उचलणे दोन्हीकडे चालतं.

तिरफळ
चालतं ना. आणि एकाच अभ्यासातूनही चालतं. टोरांटोची १९७२ ची चाचणी बघा. सर्दी किती वेळा झाली यात ठळक फरक नाही, पण आजारपणाने घरी बसावं लागलेले दिवस ३० टक्क्यांनी कमी. एकजण पहिलं वाक्य उचलेल, दुसरा दुसरं, आणि दोघांच्याही लेखात संदर्भ तोच.

रानजाई, जोडवाक्य करताना अजून एक जपा. ‘जरी सर्वसामान्यांत फरक दिसला नाही तरी धावपटूंत प्रमाण निम्म्यावर आले’ आणि ‘जरी धावपटूंत प्रमाण निम्म्यावर आले तरी सर्वसामान्यांत फरक दिसला नाही’. माहिती एकच, पण जोर ‘तरी’च्या पुढे जातो. तुमचे वाचक बहुतेक घरी बसून फराळ खात अंक वाचणार, म्हणून त्यांच्याबद्दलचा निष्कर्ष ‘तरी’नंतर हवा, किंवा सरळ आधी हवा आणि जरी-तरी नकोच.

रानजाई
हे घ्या. जागा तेवढीच आहे, म्हणून दोन-तीन ओळींपेक्षा जास्त वाढवता येणार नाही.

> रोज क जीवनसत्त्व घेतल्याने सर्वसामान्य माणसाला सर्दी कमी वेळा होते असे आढळलेले नाही. दहा हजारांहून अधिक लोकांवरच्या चाचण्या एकत्र पाहिल्या तर फरक जेमतेम तीन टक्क्यांचा दिसतो. धावपटू, सैनिक आणि स्कीइंगच्या शिबिरातील मुले अशा अतिश्रम करणाऱ्या, एकूण ५९८ जणांवरच्या पाच चाचण्यांत मात्र सर्दीचे प्रमाण निम्म्यावर आले. नियमित घेणाऱ्या प्रौढांची सर्दी सुमारे ८ टक्के लवकर बरी झाली. सर्दी झाल्यावर घ्यायला सुरुवात केली तर उपयोग होतो असे सातत्याने दिसलेले नाही.

शेवंती
म्हणजे आवळा राहिलाच.

तिरफळ
उत्तम. दोन किरकोळ गोष्टी. ‘८ टक्के लवकर’ म्हणजे किती हे कुणालाच कळत नाही. आठवडाभर चालणाऱ्या सर्दीत ते साधारण अर्धा दिवस भरतं, तसंच लिहा. आणि ‘आढळलेले नाही’ ठेवलंत ते बरं केलंत. बरेचजण तिथे ‘उपयोग नाही हे सिद्ध झाले’ लिहितात. ते वेगळं वाक्य आहे आणि त्याला वेगळा पुरावा लागतो.

आबा_मास्तर
मुलांत १४ टक्के फरक आहे ना त्याच आढाव्यात? तो का गाळला? आता तुम्हीच सोयीचं उचलताय.

रानजाई
लेख प्रौढांसाठी आहे म्हणून.

आबा_मास्तर
मग स्कीइंगची मुलं कशी आली?

तिरफळ
मुद्दा रास्त आहे. एकतर वाक्य ‘प्रौढांची सुमारे ८ आणि मुलांची १४ टक्के’ असं करा, नाहीतर लेख प्रौढांचा आहे हे वरच सांगा. मी पहिलं करेन. तीन शब्दांनी अंक जाड होत नाही.

गुंडोपंत
‘वेचेगिरी’वर कुणी मत दिलं नाही. ‘सोयीचे तेवढे उचलणे’ हे क्रियापद म्हणून ठीक, पण ‘हा लेख म्हणजे निव्वळ…’ इथे नाम लागतं. ‘सोयीस्कर निवड’ लिहिलं तर घरासाठी जागा शोधल्यासारखं वाटतं.

कपाशी
‘सोयीची निवड’ म्हणा. ‘स्कर’ काढला की घरवाला अर्थ बराच जातो. वेचेगिरी मी तरी वापरणार नाही, आमच्या बायका कापूस वेचून थकतात.

रानजाई
संपादकांना दोन्ही कळवते. त्यांनी आत्ताच विचारलंय की १४ टक्के टाकल्यावर ओळ पुढच्या स्तंभात जाते, तर दुसरं काय काढायचं. स्कीइंगचा उल्लेख काढू का? पाच चाचण्या म्हटलंच आहे.