मदत हवी आहे: ग्रुपवरच्या "बघू", "ट्राय करते"चा हिशोब कसा लावायचा?

सुदामानगरवाली: मंडळी, शनिवारी आमच्या गच्चीवर कोजागिरी आहे. ग्रुपवर 14 घरांनी "येतोय" लिहिलंय, ती माणसं 38. पण 3 घरं "बहुतेक येऊ", 5 घरं "ट्राय करते" आणि 6 घरं "बघू" म्हणतायत, दूधवाल्याला शुक्रवारी संध्याकाळी लिटर सांगायचेत. मागच्या वर्षी सगळ्यांना धरून दूध घेतलं आणि अर्धं पातेलं उरलं, रात्री दीड वाजता शेजारीपाजारी वाटत फिरले, फार जिवाला लागलं. किती धरू?

रामबागकर: सरळ अर्धे धरा. नक्की न सांगणाऱ्या 14 पैकी 7 घरं.

मंजूमावशी: दूध आटवताना केशर आधी कोमट दुधात भिजव गं, रंग छान येतो.

पंगतवाला दादा: अर्ध्याचा हिशोब सगळ्यांना सारखा लागू नाही होत. ताई, शब्दाच्या पुढे काय लिहिलंय ते वाचा. "बहुतेक, हे ऑफिसातून आले की निघतो" यात अडचण ठरावीक आहे, ती सुटली की माणूस येतो. "ट्राय करते" एवढंच लिहून गप्प, तो बहुतेक सभ्य नकार. आणि "बघू" लिहिणाऱ्याने खाली "गाडी कुठे लावायची?" विचारलं असेल तर त्याला येणाऱ्यांत धरा. मी 3 पैकी 2, 5 पैकी 2, 6 पैकी 1 धरतो, म्हणजे 5 घरं. तुमच्याकडे घरामागे पावणेतीन माणसं पडतायत, म्हणजे 14 जण. "येतोय"वाल्यांतलेही चारेक गळतात, 38 चे 34. एकूण 48. माणशी 200 मिली म्हणजे साडेनऊ लिटरच्या वर, आटून पाव भाग कमी होतो, म्हणून कच्चं दूध 13 लिटर.

छावणीची सून: माझ्या मुलाच्या मुंजीला उलटं झालं हो, "देखते हैं" म्हणणारे सगळे आले, वर पाहुणेही घेऊन आले!

पंगतवाला दादा: वहिनी, मुंजीला घरची माणसं असतात, तिथे न येणं बोचतं. कोजागिरीला तसं नाही. आणि हो, पाऊस आला किंवा क्रिकेटची मॅच असली तर हे "बघू"वाले एकेक करून नाही, सगळे एकदमच गळतात, तेव्हा 48 चे 35 पण होतील.

सुदामानगरवाली: दादा, तुमचं वाचून आत्ता "ट्राय"वाल्या पाचही घरांना वेगळा मेसेज केला, "तुमचे किती ग्लास ठेवू?" दोघींनी लगेच आकडा सांगितला, एकीने "नको गं, यावेळी राहू दे" लिहिलं, दोघींच्या ब्लू टिक आल्यात पण उत्तर नाही.

रामबागकर: असं विचारल्यावर लोक भिडेपोटी हो म्हणतात, मग येत नाहीत.

पंगतवाला दादा: होतं तसं, म्हणून "किती ग्लास" विचारायचं, "येणार ना?" नाही. तरी भीड किती आणि खरं किती, ते मलाही शनिवारीच कळतं.

सुदामानगरवाली: 12 लिटर सांगते, 2 लिटर पिशव्या फ्रीजमध्ये ठेवते, लागल्या तरच फोडीन. ग्रुपवर काहीच न बोललेली 9 घरं आहेत, त्यांचं काय धरतात?