मदत हवी आहे: कायमचे अपग्रेड घेतले की रोगलाइकचा पहिला टप्पा पोरखेळ होतो

खटाटोप
रोगलाइक बनवतोय. मेल्यावर जमवलेले आत्मे शिल्लक राहतात आणि तळावर जाऊन त्यांतून कायमचे अपग्रेड घेता येतात. पंधराएक रन झाले की पहिल्या टप्प्यात काही दमच उरत नाही. तिथले शत्रू दणकट केले तर नवा खेळाडू तिथेच अडकतो. अपग्रेडच्या किमती दुप्पट करून पाहिल्या, तर तेच पंधराव्याऐवजी तिसाव्या रनला होतं. उपाय सांगा. डेमो जवळ आलाय, त्यामुळे गेम मुळातून बदला असं कृपया सांगू नका.

निळी_शाई
अपग्रेड कसले आहेत? आकडे वाढवणारे की नवीन काही उघडणारे? आणि नवा खेळाडू पहिल्या टप्प्यात नेमका कुठे मरतो, खोल्यांत की बॉसपाशी? हे कळल्याशिवाय काय सांगणार?

कोरडा_ओढा
सोपं आहे. खेळाडूने एकूण किती अपग्रेड घेतले ते मोजा आणि प्रत्येक अपग्रेडमागे शत्रूंची हेल्थ ३ टक्के वाढवा. आव्हान कायम राहील.

निळी_शाई
मग अपग्रेड घ्यायचाच कशाला? आत्मे खर्च करून खेळाडू होता तिथेच राहणार. ज्याने नुसती हेल्थ वाढवली त्याचं तर नुकसानच, कारण त्याचं डॅमेज तेवढंच राहिलं आणि शत्रू मात्र जड झाले.

फावला_वेळ
आत्मे मरणाच्या स्क्रीनआधीच फाइलमध्ये लिहा. नाहीतर मरताना कोणी गेम बंद केला की कमाई जाते किंवा रन परत मिळतो. आधी तात्पुरत्या फाइलमध्ये लिहून मग नाव बदलायचं, म्हणजे अर्धवट सेव्ह होत नाही.

खटाटोप
सेव्हचा प्रश्न नाहीये, तो भाग चालतोय.

अपग्रेड दोनच आहेत, प्रत्येकी दहा पायऱ्या. एका पायरीला डॅमेज ५ टक्के किंवा हेल्थ १० वाढते. सुरुवातीला डॅमेज १०, हेल्थ ६०. नवे खेळाडू बहुतेक पहिल्या बॉसपाशी मरतात, खोल्या पार करतात. बॉसची हेल्थ ४००.

पडका_बुरुज
पहिल्या आणि शेवटच्या टप्प्यातल्या साध्या शत्रूची हेल्थ आणि फटका सांगा. शेवटच्या टप्प्यात पोचेपर्यंत रनमध्ये साधारण किती ताकद मिळते तेही. आणि डॅमेजचं सूत्र द्या, कायमचा वाटा आणि रनमधला वाटा बेरजेने धरताय की गुणाकाराने?

खटाटोप
पहिला टप्पा: शत्रूची हेल्थ ३०, फटका १२. चौथा: हेल्थ २२०, फटका ३०. चौथ्यापर्यंत रनमध्ये डॅमेज २०० टक्के आणि हेल्थ ६० वाढलेली असते. सूत्र बेरजेचं:

```
dmg = base * (1 + perm + run)
```

पडका_बुरुज
मग दुखणं इथेच आहे. तुमचे आकडे घेऊन बघू.

सगळे अपग्रेड घेतलेला खेळाडू पहिल्या टप्प्यात उतरतो तेव्हा `run` शून्य असतो, म्हणून त्याचं डॅमेज १० वरून १५ होतं, पूर्ण दीडपट. तोच चौथ्या टप्प्यात पोचला की ३० च्या जागी ३५ होतं, म्हणजे जेमतेम सहावा हिस्सा जास्त. शत्रू मारायला पहिल्या टप्प्यात तीनऐवजी दोन फटके लागतात, चौथ्यात आठऐवजी सात. हेल्थचंही तसंच. पहिल्या टप्प्यात खेळाडू पाचव्या फटक्याला मरायचा, आता चौदाव्याला मरतो. चौथ्यात चारचे आठ होतात. म्हणजे तुमची कायमची ताकद जिथे तिची सर्वांत कमी गरज आहे तिथेच सर्वांत जास्त लागू पडते. किमती वाढवून हे टळणार नाही, फक्त लांबेल.

आणखी एक गोष्ट. ३० हेल्थच्या शत्रूवर डॅमेजच्या पहिल्या नऊ पायऱ्यांचा काहीच परिणाम होत नाही. १४.५ डॅमेज असलं तरी तीनच फटके लागतात. दहाव्या पायरीला अचानक दोन. खेळाडू नऊ वेळा आत्मे मोजतो आणि हाताला फरक जाणवत नाही, मग एका दिवसात टप्पा कोसळतो. शत्रूची प्रत्येक जात आणि अपग्रेडची प्रत्येक पायरी यांचा तक्ता करा, एका रकान्यात एवढंच:

```
hits = ceil(enemy_hp / dmg)
```

जिथे ओळीत एकाच पायरीवर आकडा बदलतो तिथे धक्का बसतो.

निळी_शाई
मग `perm` गुणाकाराने धरला तर? चौथ्यातही दीडपट मिळेल.

पडका_बुरुज
मिळेल, पण पहिल्यातली दीडपट तशीच राहील. शेवट सोपा होईल, सुरुवात सोपी आहेच. मी उलट बाजूने जाईन: ताकद कायमची विकत घेऊ द्या, पण ती रनमध्ये कधी हातात येते ते तुम्ही ठरवा. हेल्थच्या दहा पायऱ्यांपैकी पहिल्या तीन सुरुवातीपासून, उरलेल्या सातांची हेल्थ पहिला बॉस पडल्यावर. मग पहिल्या टप्प्यात पाचचे आठ फटके होतात, चौदा नाही, आणि चौथ्यातला हिशोब तोच राहतो.

कोरडा_ओढा
आणि जो बॉसपर्यंत पोचून पुन्हा पुन्हा मरतो त्याला सात पायऱ्यांचा उपयोग शून्य. हरणाऱ्यालाच बक्षीस द्यायचं होतं ना?

पडका_बुरुज
हा मुद्दा बरोबर आहे, म्हणूनच तो कुठे मरतो हा निळी_शाई यांचा प्रश्न महत्त्वाचा होता. डॅमेजचा अपग्रेड सगळ्यांवर न ठेवता फक्त बॉसवर चालू ठेवा. ४०० हेल्थच्या बॉसला ४० फटके लागायचे, दहाव्या पायरीला २७ लागतील. जो बॉसपाशी अडकलाय त्याची भिंत दर हारेमागे थोडी खाली येते. खोल्यांमधले शत्रू मात्र तीन फटक्यांचेच राहतात, त्यामुळे तिथलं टाळणं-चुकवणं शिकावंच लागतं.

दुसरं, एकदा जिवंत होण्याचा अपग्रेड ठेवा, अर्ध्या हेल्थने. शत्रूला किती फटके लागतात हे त्याने बदलत नाही. नवा खेळाडू तो पहिल्या बॉसपाशी वापरेल, सरावलेला तो जपून चौथ्यापर्यंत नेईल. एकच अपग्रेड ज्याला जिथे गरज आहे तिथे खर्च होतो. हेडीसमध्ये हेच आहे.

कोरडा_ओढा
हेडीसमध्ये तर गॉड मोड पण आहे. नुकसान २० टक्के कमी होण्यापासून सुरुवात आणि दर मरणामागे २ टक्के भर, ८० पर्यंत. म्हणजे आपोआप बदलणारी कठिणता चालतेच की!

निळी_शाई
तो खेळाडू स्वतः चालू करतो, हवा तेव्हा बंद करतो, आणि तो मदतीच्या दिशेने जातो. तुम्ही सुचवलंत ते न सांगता, आणि कमावलेल्याच्या विरुद्ध. स्ले द स्पायरचे २० असेन्शनही जिंकल्यावर, आपल्या मर्जीने घ्यायचे असतात.

कोरडा_ओढा
न सांगता करा असं मी म्हटलं नव्हतं. पण जिंकल्यानंतर मर्जीने वाढवणं मान्य, ते ठेवाच.

सातवे_पान
माझा पत्त्यांचा रोगलाइक आहे, आकडे वाढवणारं काहीच ठेवलं नाही, फक्त नवे पत्ते उघडतात. तुम्हीही तेच करा, प्रश्नच मिटतो.

पडका_बुरुज
मिटत नाही, जागा बदलतो. ढिगात २४ पत्ते असताना तिनांतून एक निवडायचा असेल, तर हवा तो पत्ता समोर येण्याची शक्यता १२.५ टक्के. आणखी १६ उघडले की ७.५ टक्के. जो जास्त हरला आणि जास्त उघडलं त्याचीच जोडी जमणं अवघड होतं. तुमच्याकडे हे कसं सांभाळलंय?

सातवे_पान
पत्ते आठ-आठच्या गटांत उघडतात आणि एका रनमध्ये तीनच गट ढिगात येतात. ढीग २४ चाच राहतो. कोणते गट आले ते सुरुवातीला दाखवतो.

पडका_बुरुज
उत्तम. खटाटोप यांनी डेमोनंतर हे घ्यावं, आत्ता नको. आत्ता एक सांगा, आत्मे कशाचे मिळतात?

खटाटोप
एक शत्रू, एक आत्मा. पहिल्या टप्प्यात ४० शत्रू, सहा मिनिटं. दुसऱ्यात ४५, नऊ मिनिटं. तिसऱ्यात ५०, अकरा मिनिटं.

पडका_बुरुज
मग मिनिटामागे पहिल्यात साडेसहाच्या वर, दुसऱ्यात पाच, तिसऱ्यात साडेचार. पहिला टप्पा संपवून मुद्दाम मरणं हीच सर्वांत चांगली कमाई झाली. खेळाडूच्या हे लगेच लक्षात येतं, आणि मग तो कंटाळवाणा टप्पाच पुन्हा पुन्हा खेळून तो आणखी सोपा करून घेतो. शत्रूमागे देणं थांबवा, खोली पार केल्यावर द्या: टप्प्याला २०, ४५, ८०. आता मिनिटामागे ३.३, ५ आणि ७.३ होतात, पुढे जाणं परवडतं.

याने नव्याची कमाई निम्मी होते, ती अशी भरून काढा: शत्रूची प्रत्येक जात पहिल्यांदा मारली की १५ आत्मे, एकदाच. बॉसला पहिल्यांदा अर्ध्यावर आणलं तरी काहीतरी द्या. हारलेल्या रनमध्ये जे नवीन पाहिलं त्याचा मोबदला मिळतो, आणि तो पुन्हा पुन्हा लाटता येत नाही.

फावला_वेळ
डेड सेल्ससारखं करा, मधल्या मुक्कामी खर्च न केलेल्या सेल्स मेल्यावर जातात. तणाव छान राहतो.

निळी_शाई
तिथे ते बसतं. इथे नवा खेळाडू पहिल्या मुक्कामाआधीच, बॉसपाशी मरतोय. त्याच्या हाती काहीच लागणार नाही, आणि धागा नेमका त्याच्याचबद्दल आहे.

सातवे_पान
एक वेगळा मुद्दा. सगळं बसवलंत तरी पन्नासाव्या रनला पहिला टप्पा कंटाळवाणा होईलच, कारण तो तोच असतो. सोपा आणि ओळखीचा यांत गल्लत होतेय असं मला वाटतं. हेडीसमध्ये मेगेरा हरली की पुढच्या रनांत तिच्या जागी तिच्या बहिणीही येऊ लागतात.

पडका_बुरुज
अर्धं पटतं. पण आकडे बिघडलेले असताना नवा बॉस आणला तर तोही तीन दिवसांत पोरखेळ होईल. क्रम आधी आकड्यांचा.

खटाटोप
बॉसवरचं डॅमेज, पुनर्जीवन आणि हेल्थची विभागणी बसवली. खोल्यांमध्ये सगळे अपग्रेड घेऊनही लक्ष द्यावं लागतंय. आत्म्यांचे नवे दरही लावले. पण एक नवी अडचण: बॉस २०० हेल्थला चाल बदलतो. २७ फटक्यांत तो इतक्या लवकर आडवा होतो की दुसरी चाल नीट दिसतच नाही, आणि तीच चाल पुढे तिसऱ्या टप्प्यातल्या शत्रूंना दिलीय. खेळाडू ती न शिकताच तिथे पोचतो.

कोरडा_ओढा
चाल बदलताना बॉसला आठ सेकंद मारच लागू देऊ नका.

निळी_शाई
आठ सेकंद नुसतं बघत बसायचं? पायऱ्या सहावर थांबवा. ३० टक्क्यांना ३१ फटके लागतात.

पडका_बुरुज
दोन्ही चालतील, पण त्याआधी एक मोजा: दुसरी चाल सुरू झाल्यापासून बॉस मरेपर्यंत ती किती वेळा पूर्ण होते. तीनपेक्षा कमी असेल तर पायऱ्या कमी करा. तीन होत असतील तर दोष डॅमेजचा नाही, चालीचा इशारा पुरेसा ठळक नाही. हल्ल्याआधीचा थांबा किती फ्रेमचा आहे?

खटाटोप
१४ फ्रेम, ६० च्या वेगाने. मोजून सांगतो.