मदत हवी आहे: दोन दिवसांच्या स्ट्रॅटेजी ऑफसाइटचा अजेंडा (तातडीचं)

रानजाई
नमस्कार. आमच्या कंपनीची स्ट्रॅटेजी ऑफसाइट पुढच्या शुक्रवार-शनिवारी लोणावळ्याला आहे. अजेंडा करायचं काम माझ्या गळ्यात आलंय. "या वेळी ठोस काहीतरी बाहेर आलं पाहिजे" एवढंच एमडी साहेबांनी सांगितलंय. कुणाकडे तयार फॉरमॅट असेल तर टाका. गुगलवरच्या फॉरमॅटमध्ये पहिला तास खेळ खेळण्यातच जातो, ते आमच्याकडे चालणार नाही. सोमवारी सकाळी साहेबांना दाखवायचंय, तेव्हा कृपया मुद्द्याचं बोला.

पवनाकाठ
पावसाळ्यात शनिवारी लोणावळा? ताई, निम्मा दिवस गाडीत जाईल. वाईकडे जा. मेणवलीच्या बाजूला शांत जागा आहेत, जेवणही चांगलं मिळतं.

रानजाई
रिसॉर्टचे पैसे भरून झालेत हो. अजेंडा विचारतेय मी.

जुना_खांब
फॉरमॅट देतो, पण आधी चार गोष्टी सांगा. माणसं किती? कोणता निर्णय अडलाय? शेवटचा शब्द कुणाचा, आणि तो माणूस दोन्ही दिवस पूर्णवेळ बसणार आहे का? मागच्या वर्षीच्या यादीचं काय झालं?

रानजाई
१४ जण. चाकणला ऑटो पार्ट्सचं मशिनिंग आहे आमचं. साहेब दोन्ही दिवस असतील. मागच्या वर्षी गट पाडले होते, चार्ट पेपरवर ३२ मुद्दे लिहिले, फोटो काढून व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकले. नावंबिवं नव्हती. पुढे काय झालं ते कुणी विचारलं नाही.

आत्ताचा कच्चा अजेंडा असा: ९ विभागप्रमुखांची प्रत्येकी ४० मिनिटांची प्रेझेंटेशन, दुसऱ्या दिवशी गटचर्चा, शेवटचा अर्धा तास ॲक्शन प्लॅन. यात काय बदलू एवढंच सांगा.

ओकेआर_भक्त
ओकेआर करा, प्रश्नच मिटेल. इंटेलमध्ये सुरू झालं, गूगलने उचललं, त्यांना चालतं तर तुम्हालाही चालेल. प्रत्येक विभागाला ३ उद्दिष्टं, प्रत्येक उद्दिष्टाला ३-४ मोजता येणारे निकाल. विभाग एकमेकांवर अवलंबून असतात, म्हणून प्रत्येक मुद्द्याला दोन-दोन ओनर द्या. सहकार्य आपोआप वाढतं.

जुना_खांब
दोन ओनर म्हणजे एकही नाही. तारीख उलटली की मार्केटिंगवाला म्हणणार ड्रॉइंग आलं नाही, डिझाइनवाला म्हणणार मागितलंच नव्हतं. मदतनीस हवे तेवढे लिहा, पण ओनरच्या रकान्यात एकाच माणसाचं नाव. "मार्केटिंग टीम" हेही नाव नव्हे. आणि ९ विभागांना ३-३ उद्दिष्टं म्हणजे २७, त्याखाली ८०-१०० निकाल. ३२ मुद्द्यांचं काय झालं ते ताईंनी वर सांगितलंच आहे.

रानजाई, ४० गुणिले ९ म्हणजे सहा तास. पहिला दिवस बसून ऐकण्यात संपला. ती प्रेझेंटेशन काढूनच टाका. प्रत्येकाने दोन पानं लिहून बुधवारपर्यंत पाठवावीत: आकडे काय सांगतात, आणि कोणता निर्णय माझ्या हातात नाही. लोक वाचून येत नाहीत हे धरून चाला आणि पहिला पाऊण तास सगळ्यांनी तिथेच गप्प बसून वाचावं. ॲमेझॉनमध्येही बैठकीच्या सुरुवातीला असंच शांतपणे वाचतात. पण कोणता निर्णय अडलाय ते तुम्ही अजून सांगितलं नाही.

दप्तरदार
इतिवृत्ताबाबत महत्त्वाचं: सेक्रेटरियल स्टँडर्ड-१ प्रमाणे मसुदा १५ दिवसांत सगळ्या संचालकांना पाठवावा, त्यांनी ७ दिवसांत हरकती कळवाव्यात आणि ३० दिवसांच्या आत मिनिट बुकात नोंद व्हावी. पानांना अनुक्रमांक हवेत.

रानजाई
दप्तरदार, ही बोर्ड मीटिंग नाही, पण धन्यवाद.

निर्णय... आमचा ६० टक्क्यांहून जास्त धंदा एकाच ग्राहकाच्या इंजिन पार्ट्सवर आहे. इलेक्ट्रिक गाड्यांमुळे ते भाग पुढे कमी होणार हे सगळ्यांना दिसतंय. हायड्रॉलिक्समध्ये जायचं की निर्यात करायची यावर दोन वर्षं नुसती चर्चा चालू आहे. मला वाटलं हे सगळ्यांना माहीतच असतं.

जुना_खांब
आम्हाला कसं माहीत असणार! पण हाच तुमचा अजेंडा. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी काय लिहिलेलं असायला हवं तिथून मागे या.

पहिला दिवस: वाचन झालं की मागच्या वर्षीच्या ३२ मुद्द्यांवरून पाऊण तासात हात फिरवा. झालं, चालू आहे, सोडून दिलं, एवढंच. कारणं विचारत बसू नका. त्यानंतर जेवणापर्यंत एकच प्रश्न: हायड्रॉलिक्स, निर्यात की दोन्ही नाही. दुपारी निवडलेल्या वाटेला माणसं, मशिन आणि पैसे कुठून येणार. आणि त्यासाठी काय बंद करायचं, यावर वेगळा तास ठेवा. तो तास नसेल तर नवं काम जुन्या कामाच्या डोक्यावर चढतं.

दुसरा दिवस: सकाळी एखादा छोटा निर्णय उरला असेल तर तो. मग पूर्ण अडीच तास फक्त शब्द लिहून घ्यायला. जेवणाआधी. शेवटच्या अर्ध्या तासात ठेवलंत तर अर्धे लोक बॅगा भरत असतात आणि उरलेले कशालाही हो म्हणतात.

तिखटजाळ
वाचायला छान आहे. आमच्या कोल्हापूरच्या फाउंड्रीत असंच सगळं लिहून घेतलं. सोमवारी मोठ्या शेठनी एका फोनवर अर्धं फिरवलं. घरच्या कंपनीत कागदाला काय अर्थ?

जुना_खांब
शेठ फिरवतात ते बहुतेक पैशावरून. म्हणून त्यांच्याकडून आकडा आधी घ्यायचा. ताईंनी सोमवारी साहेबांना अजेंड्याबरोबर एवढंच विचारावं: नव्या कामासाठी या आर्थिक वर्षात जास्तीत जास्त किती? तो आकडा पहिल्या सकाळी साहेबांनी स्वतः खोलीत सांगावा. बाकी मतं त्यांनी सगळ्यांच्या शेवटी द्यावीत.

तिखटजाळ
आमचे शेठ शेवटी बोलणार? तुम्ही आमचे शेठ पाहिले नाहीत.

रानजाई
आता लिहून कसं घ्यायचं ते सांगा. मी लॅपटॉपवर टिपणं घेते आणि नंतर मिनिट्स पाठवते.

जुना_खांब
नंतर नको. प्रोजेक्टरवर शीट उघडी ठेवा, सगळ्यांसमोर टाइप करा. टाइप करणारा आणि चर्चा चालवणारा वेगळा हवा, नाहीतर दोन्ही कामं बिघडतात. रकाने थोडे: काय होईल, कोण, कधी, झालं हे कशावरून कळेल, पहिलं पाऊल आणि त्याची तारीख.

तुमच्याकडे "हायड्रॉलिक्समध्ये व्यवसाय वाढवणे, मार्केटिंग, लवकरात लवकर" असं लिहिलं जाईल. ते मार्केटिंग हेडच्या तोंडून असं यायला हवं: "३० सप्टेंबरपर्यंत हायड्रॉलिक्सच्या ५ कंपन्यांकडून ड्रॉइंगसकट दर मागवणारी पत्रं आणीन. १० ऑगस्टला २० कंपन्यांची यादी साहेबांच्या मेलमध्ये असेल." पत्रं आली की नाही हे कुणालाही तपासता येतं. पहिलं पाऊल दोन आठवड्यांच्या आत ठेवा, म्हणजे गाडी हललीच नाही हे सप्टेंबरच्या शेवटी नव्हे, ऑगस्टमध्येच कळतं. वाक्य ज्याचं त्यानेच बोलायचं, तुम्ही फक्त टाइप करायचं. दुसऱ्याने दिलेली तारीख कुणी आपली मानत नाही.

ओकेआर_भक्त
पण पत्रं आणणं ही नुसती धावपळ झाली. निकाल म्हणजे ऑर्डर. ४ कोटींची ऑर्डर असं लिहा.

जुना_खांब
निम्मं बरोबर आहे तुमचं. ऑर्डरचा आकडा शीटच्या डोक्यावर लिहावा, आपण कशासाठी पळतोय हे दिसायला. पण शब्द द्यायचा तो आपल्या हातातल्या गोष्टीचा. ऑटोमध्ये पीपीएपीची, म्हणजे पार्टला ग्राहकाची मंजुरी घ्यायच्या कागदपत्रांची फाइल वेळेत देणं आपल्या हातात, ग्राहकाची सही आपल्या हातात नाही. "मंजुरी मिळवीन" असं लिहिलं की चुकलेल्या तारखेला कायम सबब तयार. "१५ ऑक्टोबरला सॅम्पल आणि फाइल सादर करीन" असं लिहा, ग्राहकाची अपेक्षित तारीख वेगळ्या रकान्यात.

ओकेआर_भक्त
मग सगळे हिरवे आणि ऑर्डर शून्य, हेही होतं. आमच्याकडे पाहिलंय.

जुना_खांब
होतं, नाकारत नाही. म्हणून तीन महिन्यांनी डोक्यावरचा आकडा हलला नसेल तर यादीच बदलायची, फक्त टिकमार्क मोजायचे नाहीत.

पिवळा_डबा
मी प्लांटवाला. माझा अनुभव: सगळं शेवटी उत्पादन प्रमुखाच्या नावावर पडतं. यादी झाली की ओनरच्या रकान्यावर सॉर्ट करून सगळ्यांना दाखवा. एकाच नावासमोर तीनपेक्षा जास्त ओळी दिसल्या की तिथेच थांबायचं. शिवाय तारखा टाकताना गणपती, दिवाळी आणि ग्राहकाचं ऑडिट कधी आहे ते बघा. लोक सरसकट ३० सप्टेंबर नाहीतर ३१ मार्च टाकतात. सगळ्या ओळींवर तीच तारीख असेल तर समजा कुणी विचारच केलेला नाही.

उशीर झालेल्या ओळी दिसायला मी हे वापरतो. C मध्ये तारीख, F मध्ये स्थिती:

```
=IF(AND(C2<>"",C2<TODAY(),F2<>"झालं"),"उशीर","")
```

रानजाई
हे कामाचं आहे. मी कच्च्या ओळी करून बघितल्या:

१. निर्यातीची शक्यता तपासणे, मार्केटिंग, ३१ डिसेंबर
२. दोन जुने टर्निंग सेंटर विकणे, प्लांट हेड, ३० नोव्हेंबर
३. हायड्रॉलिक्ससाठी होनिंगची सोय, उत्पादन आणि परचेस, दिवाळीपर्यंत

जुना_खांब
दुसरी बरी आहे. "पैसे खात्यात जमा" एवढं जोडा, कारण विकलं म्हणजे सौदा ठरला की मशिन उचललं यावर नंतर वाद होतो.

पहिल्या ओळीतलं "तपासणे" कधीच संपत नाही. "३१ ऑक्टोबरला साहेबांपुढे हो किंवा नाही अशी एका पानाची शिफारस ठेवीन" असं करा. शिवाय हायड्रॉलिक्स निवडलंत तर ही ओळ हवीच कशाला?

तिसरीत दोन ओनर आणि दोन निर्णय आहेत. मशिन घ्यायचं की काम बाहेर द्यायचं हे ठरलेलंच नाही. आधी उत्पादन प्रमुखाने तीन ठिकाणचे दर आणून तुलना ठेवावी, त्याला तारीख द्या. खरेदीची ओळ त्यानंतर लिहा.

पवनाकाठ
होनिंगसाठी भोसरीत बरेच जण आहेत. नंबर हवा असेल तर व्यनि करा.

रानजाई
आणि हे अप्रेझलला जोडायचं का? साहेब जोडणार म्हणतायत.

ओकेआर_भक्त
अजिबात नको. लोक सोप्या तारखा देतील.

पिवळा_डबा
जोडलंच पाहिजे, नाहीतर कोण विचारतो? आमच्याकडे इन्क्रिमेंटशी जोडल्यावरच लोक हलले.

जुना_खांब
पहिल्या वर्षी मी जोडणार नाही. पण महिन्यातून एकदा ४५ मिनिटं, हीच शीट, साहेब हजर, आणि तारीख बदलायची तर ती उलटायच्या आधी सांगायची, एवढं तरी करा. त्या बैठका आजच कॅलेंडरमध्ये टाका, ऑफसाइटनंतर नको. पुढे जोडावं की नाही यावर माझं मत अजून पक्कं नाही.

दप्तरदार
बोर्डाने गुंतवणूक मंजूर करायची असेल तर मात्र मी वर सांगितलेलं लागेल.

रानजाई
साहेबांशी आत्ता फोनवर बोलले. प्रेझेंटेशन काढायला तयार आहेत. पैशाचा आकडा आधी सांगायला मात्र तयार नाहीत, "तिथे बघू" म्हणाले. आणि उद्घाटनाचं अर्ध्या तासाचं भाषण हवंच म्हणतायत.

तिखटजाळ
बघा, मी काय म्हणत होतो.

जुना_खांब
भाषण होऊ द्या, वाचनाआधी ठेवा. आकड्यासाठी सीएफओंना धरा. त्यांच्या दोन पानांमध्ये "या वर्षी मोकळी रक्कम" अशी एक ओळ असली, तर साहेबांना त्यावर बोलावंच लागेल.