अनुभव धागा: थंड अंडी आणि फाटलेलं बटर

धागाकर्ती: हिवाळा लागला की वऱ्हाडातल्या घरांतून एकच तक्रार येते. केकसाठी फेटलेली बटर-साखर छान फुलते, पण दुसरं-तिसरं अंडं घातलं की सगळं फाटतं, दाणेदार होतं आणि कडेला पाणी सुटतं. अंडी लवकर कोमट कशी करता, किती वेळ, कशात, हे नेमकं लिहा. प्रमाण समजा 200 ग्रॅम बटर, 200 ग्रॅम पिठीसाखर, 4 अंडी, 200 ग्रॅम मैदा. आपल्या घरच्या गोष्टी थोडक्यात, माप आणि कृती जास्त.

मूर्तिजापूरची मावशी: अंडं म्हणजे शेवटी दुधासारखंच. थंडीनं त्यातलं प्रोटीन गोठते आणि फाटते. म्हणून फ्रीजमधलं अंडं वापरूच नये, एवढंच.

तवा_आणि_तंदूर: मावशी, उपाय बरोबर आहे, कारण वेगळं आहे. फाटतं ते अंडं नाही, बटर. बटरमध्ये सुमारे 80 टक्के स्निग्धांश आणि 16 टक्के पाणी असतं, म्हणजे ते आधीच थोडं पाणी पोटात धरून बसलेलं असतं. आता चार अंड्यांचा हिशोब करा. टरफलाशिवाय एकेक 50 ग्रॅम धरलं तर 200 ग्रॅम होतात आणि त्यात जवळपास 150 ग्रॅम पाणीच. एवढं पाणी बारीक थेंबांच्या रूपात त्या चरबीत बसवायचं असतं. पिवळा बलक त्याला मदत करतो, पण चरबी मऊ असेल तरच. बटर 20 अंशांवर फुलवलं आणि त्यात फ्रीजमधली 4 अंशांची चारही अंडी घातली, तर मिश्रण साधारण 12 अंशांवर येतं. 12 अंशांवर बटर घट्ट होतं. घट्ट चरबी पाण्याच्या थेंबांना लपेटू शकत नाही, तिचे कण एकमेकांना चिकटून गोळे होतात आणि पाणी बाहेर पडतं. त्याबरोबर फेटून कोंडलेली हवाही निघून जाते.

गंजभर_रस्सा: मंग काहून सगळे मनतात का एकेक अंडं घाला? एकेक घातलं तरी शेवटी चार अंड्यांचा थंडपणा तं तेवढाच ना!

तवा_आणि_तंदूर: बरोबर पकडलंत. एकेक घालण्याचा फायदा पाण्याच्या बाबतीत आहे, थंडपणाच्या बाबतीत फारसा नाही. म्हणूनच पहिली दोन अंडी निमूट मिसळतात आणि तिसऱ्याला फाटतं. दोन्ही गोष्टी सांभाळाव्या लागतात.

पुसदच्या_वहिनी: माझी रीत देते. मोठ्या गंजात एक गडवा उकळतं पाणी घ्या आणि त्यात दोन गडवे साधं नळाचं पाणी ओता. थंडीच्या सकाळी हे चाळीसच्या आसपास येतं, म्हणजे हात घातला की ऊब लागते, पण चटका बसत नाही. अंडी टरफलासकट त्यात पूर्ण बुडतील अशी ठेवा. 7-8 मिनिटं पुरे, मध्ये एकदा हलवून घ्या. बाहेर काढून पुसा आणि गालाला लावून बघा. गार लागलं नाही की झालं. टरफल ओलं ठेवलं तर फोडताना ते पाणी भांड्यात पडतं, म्हणून पुसणं विसरू नका. तडा गेलेलं अंडं पाण्यात टाकू नये.

घाई फारच असेल तर अंडी स्टीलच्या वाटीत फोडा, हलकेच ढवळा आणि ती वाटी त्याच कोमट पाण्यावर दोन-तीन मिनिटं धरा. टरफल मध्ये नसल्यानं काम पटकन होतं.

नव्या_ओटीजीची_मालकीण: मायक्रोवेव्हमध्ये दहा सेकंद ठेवलं तर?

पुसदच्या_वहिनी: टरफलासकट तर अजिबात नाही, आत वाफ कोंडते आणि अंडं फुटतं. फोडून ठेवलं तरी कडेचा पांढरा भाग शिजून धागे होतात. पांढरा बलक साठीच्या आसपास घट्ट व्हायला लागतो. उकळत्या पाण्यात थेट अंडं सोडू नये, तेही याच कारणानं. टरफलाला चिकटलेला थर शिजतो, आतलं गारच राहतं.

आर्वीचा_केकवाला: एक गोष्ट सुटली. पुस्तकातलं ‘रूम टेंपरेचर’ म्हणजे 20-22 अंश. आपल्याकडे जानेवारीच्या सकाळी स्वयंपाकघर त्याहून गार असतं. तिथं टोपलीतलं, फ्रीज न पाहिलेलं अंडंही गारच असतं आणि बटरही दगडासारखं. अंडी कोमट केली आणि बटर घट्टच राहिलं तर उपयोग काय? बोट दाबल्यावर खळगा पडला पाहिजे, पण बोट आत बुडता कामा नये आणि वर चकाकीही नको.

मे महिन्यात उलटं. छतावरच्या टाकीचं पाणीच आंघोळीला सोसत नाही, बटर ओट्यावर ठेवलं की दहा मिनिटांत तूप. पातळ झालेल्या बटरमध्ये हवा थांबत नाही. तेव्हा बटर गार ठेवून फेटायचं आणि अंडी फ्रीजमधून काढल्यावर पाच-सात मिनिटांत वापरायची. कोमट करायची गरज नसते.

उमरेडची_सून: माझ्याकडे तेलाचा केक असतो, सूर्यफुलाचं तेल आणि दही. अंडी कोमट करायची का? आणि घरचं पांढरं लोणी चालेल का?

आर्वीचा_केकवाला: तेल थंडीत घट्ट होत नाही, म्हणून त्या केकमध्ये ही अडचण जवळजवळ येतच नाही. लोण्याचं मात्र वेगळं. घरच्या लोण्यात ताक राहतं, पाणी आधीच जास्त असतं, त्यामुळे कोमट अंड्यांनीही फाटू शकतं. थंड पाण्यात दोन-तीनदा धुऊन, तळहातानं दाबून, पाणी निथळून वजन करा. गावरान अंडी लहान असतात, तेव्हा नगावर न जाता चारऐवजी 200 ग्रॅम मोजा.

गंजभर_रस्सा: अन् फाटलंच तं? फेकाचं का?

तवा_आणि_तंदूर: नाही हो. आधी बघा कशानं फाटलं. भांड्याला हात लावा. गार लागलं, तर भांड्याचा तळ कोमट पाण्यावर 10-15 सेकंद धरा, कडेचं बटर जरा मऊ झालं की उतरवून फेटा. तेवढ्यानं नाही जमलं तर पुन्हा तेवढंच. एकदम जास्त वेळ ठेवलं तर कडेला तूप आणि मध्ये गोळे, म्हणजे आणखी वाईट. भांडं कोमटच असेल, तर अंडं घाईनं पडलं. मोजलेल्या मैद्यातला एक चमचा भरून घाला आणि फेटा, तो सुटलेलं पाणी ओढून घेतो. पुढचं अंडं तीन-चार हप्त्यांत.

मूर्तिजापूरची मावशी: मैदा घातला की ते आपोआप जुळून येतेच की. फाटलेल्या पिठाचा केकही चांगला फुगते, कशाला एवढा खटाटोप?

पुसदच्या_वहिनी: बेकिंग पावडर असली की फुगतो, खरं आहे. पण कापला की पोत घट्ट आणि भोकं असमान निघतात. बेकिंग पावडर नसलेल्या केकमध्ये सारी मदार फेटलेल्या हवेवरच असते, तिथं फरक लगेच कळतो.

मूर्तिजापूरची मावशी: पावडर तं मी घालतेच. कुकरमधल्या केकात मला तरी काही वेगळं दिसत नाही.

आर्वीचा_केकवाला: कुकरमध्ये वरचा भाग ओलसरच राहतो, तिथं पोताचा फरक ओळखणं अवघड. एकाच वजनाच्या पिठाचे दोन केक एकाच वेळी ओव्हनमध्ये ठेवून कापा, एक फाटलेल्या पिठाचा आणि एक जुळलेल्या. मग बोलू.