तुळजापूरच्या घाटात कॉर्नरिंग एबीएस कशाला?

जुळे सोलापूर: वळणात वाकलेल्या बाईकचा ब्रेक सांभाळणाऱ्या कॉर्नरिंग एबीएससाठी, म्हणजे त्याला कोन सांगणाऱ्या लीन सेन्सरसाठी, वरचे पैसे मोजणाऱ्यांची कमाल वाटते. फोनमधलं लेव्हल दाखवणारं ॲप गाडीत बसवलंय, बाकी काही नाही. गाडी किती वाकली ते सीटवर बसल्या बसल्या कळतं. आणि वळणात ब्रेक मारायचाच नसतो. ज्याला गाडी येत नाही त्याच्यासाठी ही खेळणी.

होटगी रोड: लेव्हलचं ॲप लांब वळणात शून्य दाखवेल. एकसारख्या वेगाने वळताना गाडीचं वजन आणि बाहेर ढकलणारा जोर मिळून नेमके गाडीच्या मधल्या रेषेतून खाली जातात, म्हणून तर ती पडत नाही. त्यामुळे ॲप ज्यावर चालतं त्या नुसत्या ॲक्सिलरोमीटरला ३० अंशांत वाकलेली गाडीसुद्धा सरळच वाटते. जायरो गाडी किती झपाट्याने वाकतेय ते मोजतो आणि त्याची बेरीज करत कोन काढला जातो. ही बेरीज हळूहळू भरकटते, म्हणून चाकांचा वेग आणि गाडी वळण्याचा वेग ताडून ती सारखी सुधारावी लागते. खरं काम तिथे आहे.

आता ब्रेकचं बघा. घाटात ५० मीटर त्रिज्येचं वळण, वेग ताशी ६०, म्हणजे कोन साधारण ३० अंश. कोरड्या डांबराची ग्रिप ०.८ धरली तर वळण्यातच ०.५७ संपते. उरलेली ग्रिप साध्या वजाबाकीने नाही, ०.८ च्या वर्गातून ०.५७ चा वर्ग वजा करून वर्गमूळ घेऊन काढायची, ती पुन्हा ०.५७ च्या आसपास येते. म्हणजे सरळ रस्त्यावरच्या ब्रेकच्या सत्तर टक्के ब्रेक अजून हातात आहे. घात होतो तो घाबरून लिव्हर एकदम आवळल्यावर. साधं एबीएस चाक घसरायला लागल्यावर जागं होतं, आणि वाकलेल्या गाडीत तेवढ्यात पुढचं चाक गेलेलं असतं. कॉर्नरिंग एबीएसला कोन आधीच माहीत असतो, म्हणून ते प्रेशर हळू चढू देतं. गाडी झटक्यात उभी राहून पलीकडच्या लेनमध्येही जात नाही. वळणापलीकडे उसाची ट्रॉली बंद पडलेली दिसली की ब्रेक मारावाच लागतो, साहेब.

अशोक चौक: ट्रॉलीचं नाव काढलंत म्हणून सांगतो. मागे रिफ्लेक्टर नाही, दिवा नाही, चाकाला लागलेली शेतातली माती रस्ताभर. त्याच मातीवर वळणात मी आडवा झालो. कॉर्नरिंग एबीएस होतं गाडीत, काय केलं त्याने? ब्रेकला तर हातही लावला नव्हता.

होटगी रोड: ब्रेकच नव्हता तर एबीएस काय करणार? मातीवर ग्रिप ०.३ आणि वळणाला हवी ०.५७, तिथे कोणीच वाचवू शकत नाही. सेन्सरला गाडी कळते, पुढचा रस्ता कळत नाही.

विजापूर रोड: म्हणूनच रेन मोड लावायचा. एबीएस नरम होतं, गाडी घसरत नाही.

होटगी रोड: निम्मं बरोबर. रेन मोडमध्ये थ्रॉटल मऊ होतो आणि मागचं चाक जोराने फिरून घसरू न देणारं ट्रॅक्शन कंट्रोल लवकर आवरतं. एबीएस बऱ्याच गाड्यांत जसंच्या तसं राहतं. जपायचं ते ऑफरोड मोडला. त्यात बहुतेक ठिकाणी मागचं एबीएस बंद होतं, कोनाचा हिशेबही सुटतो, आणि लोक तोच मोड ठेवून घाट उतरतात.

अशोक चौक: मग हे सांगा. मागे १५० चा टायर काढून १६० टाकला. तेव्हापासून वळणात ट्रॅक्शन कंट्रोलचा दिवा लुकलुकतो. सर्व्हिसवाला म्हणतो सेन्सर गेला, अख्खं युनिट बदला.

होटगी रोड: थांबा, काही बदलू नका. सेन्सर गेला तर दिवा सरळ रस्त्यावरही पेटलेला राहतो. तुमचा फक्त वाकल्यावर लुकलुकतो ना? टायर वाकला की कडेवर चालतो, आणि कडेचा घेर मधल्यापेक्षा लहान. किती लहान, ते कंपनीच्या टायरवरून आत भरलेलं असतं. त्याच रिमवर रुंद टायर चढवला की तो चिमटला जातो, मधे टोकदार होतो, कडेचा घेर आणखी घटतो. मागचं चाक जास्त फिरतं आणि कंट्रोलला वाटतं चाक घसरतंय.

जुळे सोलापूर: रुंद टायर म्हणजे ग्रिप जास्त, हे शेंबडं पोरही सांगेल. आता टायरवरही तुमचंच खरं का?

होटगी रोड: आवाज चढवू नका. रुंद टायरला त्याच वळणात, त्याच वेगाला उलट जास्त वाकावं लागतं. रिमसाठी कोणती रुंदी चालते ते मॅन्युअलमध्ये लिहिलंय, बघा.

विजापूर रोड: पण माझ्या मित्राचा १६० आहे, त्याचा दिवा नाही लुकलुकत.

होटगी रोड: कंपनी वेगळी तर टायरचा आकारही वेगळा. त्याची गाडी न बघता सांगता येणार नाही.

जुळे सोलापूर: ठीक, लेव्हलच्या ॲपचं सोडून दिलं. पैसे मात्र मी देणार नाही. घाटात ३० अंश वाकतच नाही मी.

अशोक चौक: जुना १५० घरी आहे, निम्मा झिजलाय. चालेल?

होटगी रोड: तपासायला चालेल. हवा बरोबर ठेवा, रस्ता कोरडा बघा, थ्रॉटल एकसारखा धरा आणि त्याच वळणातून जा. दिवा गप्प बसला तर युनिटचे पैसे वाचले. बसला नाही तर मग मागच्या चाकाची सेन्सर रिंग मातीने भरलीय का ते उघडून बघा.