'निधी लाटला' हा मथळा कोर्टात टिकेल का?

रातपाळी:
उदाहरण कल्पित आहे. दैनिकाचा मथळा: 'अध्यक्षांनी संस्थेचा निधी लाटला'. खाली बातमी: लेखापरीक्षण अहवालानुसार १४ लाखांच्या खर्चाची व्हाउचर मिळत नाहीत, चौकशी सुरू आहे. त्याच अंकात अग्रलेख: 'असा माणूस पदावर राहायला लायक नाही.' अध्यक्षांनी अब्रुनुकसानीची नोटीस धाडली. अहवाल अस्सल आहे. सत्य आणि रास्त टीका या बचावांवर पेपर सुटेल का?

सडेतोड:
सुटायलाच हवा. अहवाल खरा, आकडा खरा, चौकशी खरी. खरं छापलं तर बदनामी कसली? 'लाटला' ही बोलीभाषा झाली, आणि अग्रलेख तर मतच असतं.

काळा कोट:
सडेतोड, अग्रलेखाबद्दल तुम्ही बरोबर आहात, मथळ्याबद्दल नाही. अहवाल काय म्हणतो? व्हाउचर नाहीत. मथळा काय म्हणतो? पैसे खाल्ले. व्हाउचर गहाळ असतील, दुसऱ्याच खात्याच्या फाइलला लागली असतील, कारकुनाने ठेवलीच नसतील. सत्याचा बचाव घेणाऱ्याला वाचकाने जो अर्थ घेतला तो खरा ठरवावा लागतो, आणि ती जबाबदारी पेपरवर असते. म्हणजे लबाडीच्या हेतूने पैसे काढल्याचा पुरावा हवा. अहवाल कोर्टात ठेवला की काम भागलं, असं होत नाही. 'अहवालात म्हटलंय' अशी ढालही पुरत नाही, कारण मथळ्यातला आरोप अहवालात नाहीच.

'लायक नाही' हे मात्र मत. ज्या वस्तुस्थितीवर ते उभं आहे ती वाचकासमोर हवी आणि खरी हवी. 'व्हाउचर मिळत नाहीत, चौकशी चालू आहे, अशा वेळी त्यांनी पद सोडावं' हे टिकतं, मत कितीही कडक असो. पण अग्रलेख 'लाटला' गृहीत धरून लिहिला असेल तर खालचा पायाच जातो. आणि 'आमच्या मते त्यांनी चोरी केली' असं लिहिल्याने चोरीचा आरोप मत होत नाही.

आडगल्ली:
माझे वडील एका मंडळाचे खजिनदार होते. पेपरात 'अपहार' असं छापून आलं. पावत्या नंतर हिशेब तपासणाऱ्याकडच्याच गठ्ठ्यात सापडल्या. खुलासा आला आतल्या पानावर, दोन ओळींचा. वडिलांनी बैठकांना जाणं सोडलं ते कायमचं. त्यामुळे मला वाटतं, अशांना तुरुंगच हवा.

उपसंपादक:
आडगल्ली, तुमच्या वडिलांबरोबर झालं ते वाईटच. पण काळा कोट यांची कसोटी लावली तर निकाल लागेपर्यंत कोणताच घोटाळा छापता येणार नाही. पुरावा पोलिसांकडे, कागद संस्थेकडे, आम्ही सिद्ध कसं करायचं? शिवाय मथळा एकटा कोण वाचतं? खाली 'चौकशी सुरू' लिहिलंय ना.

काळा कोट:
मथळा आणि मजकूर एकत्र वाचायचा, हे तुमच्या बाजूचं आहे. इंग्लंडच्या हाउस ऑफ लॉर्ड्सने १९९५ मध्ये तेच धरलं. तिथले निकाल आपल्याकडे बंधनकारक नाहीत, तरी युक्तिवादात येतात. पण इथला मजकूर मथळ्याला खोडून काढत नाही, फक्त 'चौकशी सुरू' म्हणतो. वाचक समजेल, चोरी झालीच आहे, आता तपास चाललाय.

घोटाळा छापूच नका असं मी म्हणत नाही. १९६४ च्या लुईस खटल्यात तिथेच ठरलं की 'चौकशी चालू आहे' एवढं छापल्याने सामान्य वाचक माणसाला दोषी धरत नाही. मथळा '१४ लाखांच्या खर्चाची व्हाउचर मिळेनात, अध्यक्षांची चौकशी' असा असता तर पेपरला चौकशीला आधार होता एवढंच दाखवावं लागलं असतं, आणि ते अहवालातून दिसतं. छापायचं तेवढंच जेवढं सिद्ध करता येईल.

आडगल्ली, नुकसानभरपाईचा दावा आणि फौजदारी तक्रार वेगळी. दाव्यात सत्य हा पुरेसा बचाव. फौजदारीत, म्हणजे आता भारतीय न्याय संहितेचं कलम ३५६, खरं असण्याबरोबर ते छापणं लोकहिताचं होतं हेही दाखवावं लागतं. शिक्षा जास्तीत जास्त दोन वर्षं साधी कैद. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये फौजदारी बदनामीची तरतूद कायम ठेवली.

सडेतोड:
आणि उद्या अध्यक्षांनी खरंच खाल्ल्याचं निघालं तर?

काळा कोट:
मग पेपर वाचेल. छापताना पुरावा नव्हता, नंतर मिळाला, तरी सत्याचा बचाव चालतो. टीकेचं तसं नाही. ती छापायच्या वेळी असलेल्या वस्तुस्थितीवरच उभी राहते.

रातपाळी:
एक राहिलं. बातमीदाराने अध्यक्षांना रात्री साडेनऊला एकदाच फोन केला, उचलला नाही, दहाला पान गेलं. सद्भावनेचा बचाव मिळेल?

उपसंपादक:
मिळायला हवा. प्रयत्न केला होता.

काळा कोट:
सद्भावना म्हणजे योग्य काळजी घेणं. अहवाल हातात कधी आला यावर मी ठरवीन. चार दिवस टेबलावर होता तर एक फोन पुरणार नाही. त्याच संध्याकाळी आला असेल तर वाद होऊ शकतो.

आडगल्ली:
मग पान दुसऱ्या दिवशी गेलं असतं तर काय बिघडलं असतं?